दहा अंकी, आठने सुरू, आणि तरीही मोबाइल नाही

रक्तदात्यांची ती एक्सेल फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात चारशेच्या वर ओळी होत्या. नाव, गाव, फोन, रक्तगट, शेवटचं रक्तदान आणि शेरा एवढेच कॉलम. डिचोली आणि सत्तरीतली गावं जास्त, थोडी बार्देशातली, आणि हद्दीपलीकडचे दोडामार्ग-सावंतवाडीकडचेही काही जण, कारण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्यांच्याकडचेही रुग्ण येतात. ही यादी वर्षानुवर्षांच्या शिबिरांतून तयार झालेली. काही नावं कागदावरून उतरवलेली, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेली, आणि भरणारे हातही वेगवेगळे.

अशा यादीत बाकी सगळं थोडं चुकलेलं चालतं. गावाचं नाव दोन प्रकारे लिहिलं तरी अडत नाही. पण रात्री कुणाला ओ निगेटिव्ह हवं असतं तेव्हा यादीतल्या सहा जणांपैकी दोघांचे नंबर लागले नाहीत, तर तेवढा वेळ जातो, आणि तो वेळ रुग्णाचा असतो. म्हणून फोनचा कॉलम आधी तपासायचा, बाकीचं नंतर, असं आम्ही ठरवलं. प्रत्येक नंबर लावून बघण्याआधी निदान जे नंबर असूच शकत नाहीत ते वेगळे काढायचे होते.

त्यासाठी दोनच कसोट्या पुरतात, असं आपल्याला वाटतं. भारतातला मोबाइल नंबर १० अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. हे दोन्ही ज्याला लागू नाही तो मोबाइल नाही. हे खरंच आहे. पण याची उलट बाजू, म्हणजे हे दोन्ही ज्याला लागू आहे तो मोबाइलच, हे मात्र गोव्यात खरं नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

मूळ फोनच्या कॉलमला (तो `C`) मी हात लावला नाही. शेजारी `D` हा नवा कॉलम घातला आणि त्यात मोकळ्या जागा व डॅश काढून टाकलेला नंबर आणला:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," ",""),"-","")
```

हे काम `Ctrl+H` ने मूळ कॉलमातच झटपट होतं, आणि बहुतेक जण तसंच करतात. मी ते मुद्दाम टाळलं. सेलचं फॉरमॅट `General` असेल तर डॅश असलेला नंबर एक्सेल मजकूर म्हणून ठेवतं. डॅश काढताच उरलेल्या नुसत्या अंकांची ते संख्या करून टाकतं, आणि संख्येला सुरुवातीचा शून्य नसतो. शून्य जातो, काही सांगत नाही, आणि सेलमध्ये जे उरतं ते अगदी नीटनेटकं दिसतं. सूत्राने आणलेलं उत्तर मात्र मजकूरच राहतं, त्यामुळे त्यातला शून्य शाबूत असतो. शिवाय मूळ नोंद शेजारीच असल्यामुळे शंका आली की डोळ्यांसमोर ताडून पाहता येतं.

मग रंगांचे नियम. सगळा डेटा `A2` पासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडायचा, `Home` मध्ये `Conditional Formatting`, त्यात `New Rule`, आणि तिथला `Use a formula to determine which cells to format` हा पर्याय. गूगल शीट्सवर असाल तर `Format` मध्ये `Conditional formatting` आणि तिथे `Custom formula is`. सूत्रं दोन्हीकडे तीच. पहिला नियम लांबीचा, रंग तांबडा:

```
=AND($D2<>"",LEN($D2)<>10)
```

`$D2<>""` हा तुकडा नसेल तर ज्यांचा फोन कोराच आहे त्या ओळीही तांबड्या होतात. फोन नसणं आणि फोन चुकीचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिल्यासाठी घरी माणूस पाठवावा लागतो, दुसऱ्यासाठी बऱ्याचदा मूळ कागद पुरतो. `D` च्या आधीचं डॉलरचं चिन्ह संपूर्ण ओळ रंगवण्यासाठी. ते असलं की `A` पासून शेवटपर्यंतचा प्रत्येक सेल उत्तरासाठी `D` कडेच बघतो. आणि `2` हा आकडा निवडलेल्या पहिल्या ओळीशी जुळलाच पाहिजे. निवड `A2` पासून आणि सूत्रात `$D1` असं झालं, तर रंग बरोबर एक ओळ खाली पडतो. हे ओळखणं सोपं आहे: रंगीत ओळीतला नंबर निर्दोष दिसतो आणि तिच्या डोक्यावरच्या ओळीत दोष असतो.

दुसरा नियम पहिल्या अंकाचा, रंग पिवळा:

```
=AND(LEN($D2)=10,ISERROR(FIND(LEFT($D2,1),"6789")))
```

हा नियम आमच्या मंडळातल्या एका कॉलेजातल्या मुलीने आधी सुटसुटीत करून ठेवला होता: `LEFT($D2,1)<6`. वाचायला तो अगदी बरोबर वाटतो. पण त्याने एकही ओळ पिवळी होत नव्हती, आणि पहिल्या अंकाच्या बाबतीत यादी स्वच्छ आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. `LEFT` जे काढून देतो ते संख्या नसतं, मजकूर असतो, आणि एक्सेलच्या तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठाच धरला जातो. त्यामुळे मजकुरातला `2` हासुद्धा संख्येतल्या `6` पेक्षा लहान ठरत नाही. सूत्र चूक म्हणून अडत नाही, नुसतं कधीच खरं होत नाही. `FIND` वापरला की हा प्रश्नच उरत नाही, कारण तो मजकुरातच मजकूर शोधतो.

यावरून मी एक गोष्ट करायला लागलो, आणि आता कुठलीही यादी आली तरी ती आधी करतो. डेटाच्या वर काही ओळी रिकाम्या घेऊन त्यांत जाणूनबुजून चुकीचे नंबर टाकायचे: एक नऊ अंकी, एक पाचने सुरू होणारा दहा अंकी, एक अकरा अंकी. त्या ओळींना ठरलेला रंग आला तरच खालच्या बिनरंगी ओळींवर विश्वास ठेवायचा. रंग नसणं म्हणजे दोष नसणं असू शकतं, किंवा नियमच मेलेला असू शकतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. तपासून झालं की त्या ओळी काढून टाकायच्या.

नियम लागल्यावर तांबड्या ओळी बऱ्याच निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांची कारणं थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. एका सेलमध्ये तिरपी रेघ देऊन दोन नंबर. एखादा अंक टायपिंगमध्ये गळून नऊच उरलेले. अकरा अंकी, कारण मोबाइलच्या आधी शून्य लावलेला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, त्यामुळे ज्यांच्या घरी अजून लँडलाइन आहे ती मंडळी नंबर शून्यासकटच सांगतात. आणि बारा अंकी, म्हणजे देशाचा कोड ९१ लागलेले. एक्सेलमध्ये `+91` टाइप करून पुढे सलग अंक लिहिले की ते अधिकचं चिन्ह गिळतं, बारा अंकी संख्या करतं आणि पडद्यावर `9.19823E+11` असं काहीतरी दाखवतं. बघणाऱ्याला वाटतं नंबर गेला. तो गेलेला नसतो. सेल निवडला की वरच्या सूत्रपट्टीत पूर्ण दिसतो.

इथे एक सावधगिरी. सुरुवातीचे ९१ काढून टाकायचे ते लांबी १२ असेल तरच. ९१ ने सुरू होणारे अस्सल दहा अंकी मोबाइल आपल्याकडे भरपूर आहेत, आणि सरसकट ९१ छाटले तर ते आठ अंकी होऊन बसतात. तसंच `RIGHT` वापरून नुसते शेवटचे दहा अंक उचलण्याचा मोहही टाळलेला बरा. एका सेलमध्ये दोन नंबर असतील तर तो निमूट दुसरा उचलतो आणि पहिला हरवतो.

काही तांबड्या ओळींनी मात्र थांबवलं. नंबर मोजला तर दहाच अंक, सहाच्या वरचीच सुरुवात, मोकळी जागा नाही, डॅश नाही. तरी `LEN` उत्तर देत होता १२. हे नंबर मोबाइलच्या संपर्कयादीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून चिकटवलेले होते. तिथून नंबरच्या मागेपुढे लिपीची दिशा सांगणारी चिन्हं कधीकधी सोबत येतात. ती छापली जात नाहीत, दिसत नाहीत, पण मोजली जातात. खात्री करायला एका रिकाम्या सेलमध्ये `=UNICODE(LEFT(D2,1))` लिहून पाहिलं, तर उत्तर आलं 8234. साध्या नऊचं उत्तर 57 येतं. मागचं चिन्ह 8236. मग `D` च्या सूत्रात तेवढी भर घातली:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," ",""),"-",""),UNICHAR(8234),""),UNICHAR(8236),"")
```

आणि त्या ओळींचा रंग आपोआप गेला. दोष नंबरात नव्हताच.

पिवळ्या ओळींत दोन प्रकार सापडले. पहिला आपल्या मराठी याद्यांत हमखास येणारा: देवनागरी आकडे. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सगळी नोंद मराठी कळफलकावर केली होती, नाव-गावासकट, आणि फोनही `९८...` असाच. लांबी बरोबर दहा. पण पहिला अक्षर-अंक `९`, आणि `FIND` ज्या चार अंकांत शोधतो त्यांत तो नाही, म्हणून पिवळा. डोळ्यांना त्यात काहीच चुकीचं दिसत नाही, आणि खरं तर चुकीचं नाहीही. फक्त संदेश पाठवणाऱ्या व्यवस्थेला तो चालत नाही. अशा ओळी गाळून घेऊन त्यांचे आकडे बदलले, मूळ नोंद तशीच ठेवून.

दुसरा प्रकार सीमेपलीकडच्या दात्यांचा. त्यांचे नंबर दहा अंकी, पण `2363` ने सुरू होणारे. हा सावंतवाडीचा एसटीडी कोड, ०२३६३, शून्य गळालेला. चार अंकी कोड आणि सहा अंकी फोन मिळून बरोबर दहा. म्हणजे या लँडलाइन होत्या. पहिला अंक २ असल्यामुळे नियमाने त्या अचूक पकडल्या. मला त्या वेळी समाधान वाटलं, कारण यादीतल्या लँडलाइन अशा वेगळ्या निघाल्या तर रात्रीच्या संदेशासाठी फक्त मोबाइल उरतील.

पण मग आमच्या डिचोलीच्या लँडलाइन कुठे गेल्या? जुन्या दात्यांत घरचा फोन दिलेले कितीतरी जण होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांतल्या काही ओळी तांबड्यांत होत्या, `0832` ने सुरू होणाऱ्या, अकरा अंकी. पण त्या थोड्याच. म्हणून मी `D` कॉलम चढत्या क्रमाने लावला आणि नुसता वाचत गेलो. ८ पासूनचे नंबर सुरू झाले आणि एका ठिकाणी सलग कितीतरी ओळी `8322` ने सुरू होणाऱ्या आल्या. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या मोबाइलच्या नंबरांत पहिले चार अंक असे सलग जुळत नाहीत. त्यांतली एकही ओळ रंगीत नव्हती.

शेजारी आमचे जुने सचिव बसले होते, त्यांना सगळे भाई म्हणतात. त्यांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं. "अरे, हा तर आमच्या जुन्या घरचा फोन. बंद करून पाच वर्षं झाली असतील. पुढचा शून्य कुठे गेला?"

संपूर्ण गोव्याचा एसटीडी कोड एकच, ०८३२. त्यापुढे सात अंकी फोन. शून्य धरून अकरा अंक, आणि शून्य गळाला की बरोबर दहा. आणि उरलेला पहिला अंक ८. म्हणजे गोव्यातली शून्य गळालेली लँडलाइन लांबीच्या कसोटीलाही उतरते आणि पहिल्या अंकाच्याही. सावंतवाडीच्या कोडात शून्यानंतर २ येतो म्हणून तिथली लँडलाइन पकडली जाते. आमची ८ मुळे सुटते. बेळगावचंही तसंच होणार, तिथला कोड ०८३१. पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेला हाच नियम त्याच्या यादीवर चोख चालेल, कारण ०२० आणि ०२२ मधला शून्य गेल्यावर २ उरतो, आणि तोच नियम पणजीत आणून लावला की गप्प बसेल.

शून्य कुठे गेला तेही कळलं. यादीची एक जुनी प्रत भाईंकडे होती. तिच्यात हेच नंबर `0832-2******` असे डॅशसकट होते. मधल्या काळात कुणीतरी डॅश `Ctrl+H` ने काढले, आणि वर सांगितलं तसं एक्सेलने त्यांची संख्या करून शून्य टाकून दिला. ज्या सेलचं फॉरमॅट आधीच `Text` होतं तिथे शून्य टिकला, आणि त्याच ओळी तांबड्या झाल्या होत्या. एकाच प्रकारचा फोन, अर्धे तांबडे, अर्धे बिनरंगी, हे कोडं त्यामुळे सुटलं.

मग तिसरा नियम घातला, रंग निळा:

```
=AND(LEN($D2)=10,OR(LEFT($D2,4)="8322",LEFT($D2,4)="8326"))
```

नुसतं `832` धरून चालत नाही. `8329` ने सुरू होणारे खरेखुरे मोबाइल आहेत, आणि ते निळे झाले तर चांगले दाते यादीबाहेर पडतात. गोव्यातल्या लँडलाइनचा सात अंकी भाग बहुतेक २ ने सुरू होतो, काही खासगी जोडण्यांचा ६ ने, म्हणून चौथ्या अंकापर्यंत बघायचं. बेळगावचे दाते असतील तर `8312` ही जोडा. आणि हा रंग तांबडा किंवा पिवळा न ठेवता वेगळा ठेवला, कारण निळ्या ओळीतला नंबर चुकीचा आहे असं आपण म्हणत नाही. तो लागूही शकेल, घरी कुणीतरी उचलेल. त्यावर संदेश जाणार नाही, एवढंच तो रंग सांगतो.

पुढचं काम रंगावरून वाटून दिलं. `Data` मध्ये `Filter` लावला की कॉलमच्या बाणात `Filter by Color` मिळतो. तांबड्या ओळी मूळ कागदांशी ताडायला एकाकडे, पिवळ्या मी स्वतः, आणि निळ्या भाईंकडे, कारण त्यांना घरं माहीत. नऊ अंकी नंबरांच्या बाबतीत मी एकच आग्रह धरला: गळालेला अंक अंदाजाने भरायचा नाही. मधला दोनदा येणारा अंक एकदाच पडला असेल असं वाटतं आणि बसतोही, पण तो फोन रात्री दोन वाजता भलत्याच घरी वाजू शकतो. कागद नाही तर ओळ तांबडीच राहू द्यायची.

दुरुस्त नंबर `C` मध्ये भरताना व्हॉट्सअ‍ॅपवरून सरळ `Ctrl+V` न करता `Paste Special` मधून `Values` किंवा `Text` निवडायचं, हेही सगळ्यांना सांगावं लागलं. दुसऱ्या शीटमधून सेल जसाच्या तसा चिकटवला की तो आपलं फॉरमॅटिंग घेऊन येतो आणि नियमाची रेंज तुकड्यातुकड्यांत फुटते. काही दिवसांनी `Manage Rules` उघडलं की तोच नियम पाच-सहा वेळा दिसतो, `Applies to` मध्ये विचित्र रेंजा, आणि मध्येच एखादी ओळ कुठल्याच नियमात नसते. मग ते सगळं काढून तिन्ही नियम पूर्ण रेंजवर पुन्हा एकदा लावणं हाच सोपा मार्ग.

या सगळ्यातून जे बिनरंगी उरलं त्याबद्दलही भाईंशी बोलताना मी स्पष्ट सांगितलं, की लांबी आणि पहिला अंक यांना आतल्या अंकांची अदलाबदल कळत नाही. `45` च्या जागी `54` पडलं तर नंबर सगळ्या कसोट्यांना उतरतो आणि दुसऱ्याच माणसाचा होतो. आम्ही म्हणून `H` मध्ये एक नवा कॉलम केला, नंबर प्रत्यक्ष लागल्याची तारीख लिहायला. ओ निगेटिव्ह, ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह आणि एबी निगेटिव्ह यांच्यापासून फोन लावायला सुरुवात केली आहे. निळ्यांपैकी बऱ्याच घरांत भाई जाऊन आले. तिथले फोन बहुतेक बंदच आहेत, पण घरातल्या मुला-सुनांचे मोबाइल मिळाले, आणि त्यांतल्या दोघांनी स्वतःचंही नाव यादीत घातलं.